बोटीवरचा पगार थांबतो तेव्हा

रत्नागिरी आणि रायगडच्या किनाऱ्यावर, दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंत, कितीतरी घरांत कर्त्या पुरुषाबद्दल विचारलं की एकच उत्तर मिळतं, ‘तो बोटीवर आहे.’ कुणी इंजिनरूममध्ये ऑइलर आहे, कुणी डेकवर खलाशी, कुणी स्वयंपाकघरात. कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं. तेवढे महिने घर, शाळा, सासू-सासऱ्यांची औषधं, शेतातला बांध आणि ग्रामपंचायतीची पावती, सगळं घरातली बाई बघते. कोकणाला ही व्यवस्था नवी नाही. मुंबईत 1850 च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून इथली माणसं बाहेर आणि बायका घरी, असं चालत आलं आहे. पुढे पोस्टाच्या मनीऑर्डरवर गावंच्या गावं जगली.

पण बोटीवरच्या पगाराची एक खोड आहे. गिरणीतला पगार लहान असला तरी दर महिन्याला यायचा. खालच्या हुद्द्याच्या बहुतेक खलाशांना मात्र पगार बोटीवर असेपर्यंतच मिळतो. साइन ऑफ होऊन माणूस घरी आला की तो थांबतो आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट हातात पडेपर्यंत दोन महिने जातात, कधी पाच. म्हणजे नवरा लांब असताना घरात पैसा असतो आणि तो घरी आला की ओढाताण सुरू होते. त्यातच तो घरी असताना खर्च वाढतो. पाहुणे येतात, देवदर्शनं होतात, घराची डागडुजी निघते. शिवाय पुढच्या कॉन्ट्रॅक्टआधी कोर्स आणि वैद्यकीय तपासणीचे पैसे भरावे लागतात ते वेगळेच.

अशा घरातल्या बाईने काय करावं, याची उत्तरं बहुतेक वेळा शहरातल्या बाईसाठी तयार केलेली असतात. डबे करा, शिवणकाम करा, क्लास घ्या. यातलं काहीच वाईट नाही. पण या बाईची अडचण निराळी आहे. घरात दुसरं मोठं माणूस हाताशी नाही. मुलाला ताप आला तर दवाखान्यात तीच जाणार, सासऱ्यांना चिपळूणला तपासणीला न्यायचं तर तीच नेणार. डब्याचं काम एक दिवस बंद राहिलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. दुभत्या जनावराला सकाळ-संध्याकाळ सुट्टी नाही. शिवणकामाला सुट्टी घेता येते, पण लहान गावात शिवणारे आधीच चार जण असतात. म्हणून माझ्या मते या घरांनी धंदा निवडताना नफ्याआधी एक गोष्ट तपासावी. तो आठवडाभर थांबवता येतो का, आणि थांबवल्यावर माल फुकट जातो का?

या कसोटीला उतरणारी गोष्ट कोकणातल्या परसात उभीच आहे. ती म्हणजे रातांबा. रातांब्याचं काम वर्षातून सहा-सात आठवडे असतं आणि त्यातून तयार झालेला माल वर्षभर विकता येतो. हा मेळ मला फार मोलाचा वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत कष्ट केले की सरबताच्या बाटल्या आणि आमसुलांच्या पिशव्या फळीवर थांबतात. ज्या महिन्यात पगार नाही, त्या महिन्यात त्या विकता येतात.

रातांब्याची बहुतेक झाडं उंच आणि जुनी असतात. बांधावर, ओढ्याकाठी, देवराईच्या कडेला आपोआप उगवलेली. या जातीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, त्यामुळे दारात चार झाडं असली तरी फळं दोघांनाच लागतील असं होऊ शकतं. मोठं झाड चांगल्या वर्षी शंभर किलोच्या आसपास फळ देतं, पण दरवर्षी सारखं देत नाही. फळ मार्चअखेरीपासून पिकू लागतं आणि बराचसा माल मे महिन्याच्या उत्तरार्धात येतो. खरा धोका इथेच आहे. वळवाचा पाऊस आला की फळ पाणी धरतं, फुटतं, सडतं. साल वाळवायला ऊन मिळत नाही. म्हणून पहिल्या पिकापासून काम सुरू करायचं आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यानंतर आमसुलाच्या भरवशावर राहायचं नाही. नंतरचं फळ सरबताला किंवा आगळाला घालायचं, कारण त्यांना ऊन लागत नाही.

झाडावर चढायला माणूस लागतो. नवरा घरी असेल तर ठीक, नसेल तर गडी आधीच ठरवून ठेवावा, कारण आंब्याच्या हंगामात तो मिळत नाही. खाली जुनी साडी नाहीतर जाळं पसरून फांद्या हलवल्या तर पिकलेलं फळ कमी फुटतं. जमिनीवर आपटून चिरलेलं फळ त्याच दिवशी वापरायचं, एक रात्र गेली की ते आंबू लागतं.

फळाचे तीन मुख्य पदार्थ होतात, आणि त्यांतला कोणता करायचा हे ठरवताना बहुतेक जणी घाई करतात. आमसुलासाठी गडद लाल फळ धुऊन, पुसून, दोन भाग करून गर आणि बिया काढायच्या. त्या गर-बियांत मीठ घालून सुटणारा रस ठेवायचा. साली उन्हात वाळवायच्या, मग त्या रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या. याला पुट देणं म्हणतात. चांगल्या आमसुलाला तीन-चार तरी पुटं लागतात, काही घरांत सात देतात. सगळं धरून आठवडा जातो. आगळ त्या मानाने सोपं आहे. साल आणि गर बरणीत घालून किलोमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, रोज लाकडी चमच्याने हलवायचं, आठवड्याने गाळायचं. सोलकढी करणाऱ्या घरांना आणि खानावळींना ते लागतं. तिसरं सरबताचं सिरप, ज्याला दुकानात अमृत कोकम म्हणतात. साल एक भाग, साखर दोन भाग. थरावर थर घालायचा आणि साखर विरघळून सालीचा सगळा रस बाहेर येईपर्यंत, साधारण सात-आठ दिवस, रोज हलवायचं. शेवटी गाळून थोडं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड.

आता हिशेब मांडू. भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा इथले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब करावा. समजा, 20 किलो फळ किलोला 30 रुपयांनी विकत घेतलं, 600 रुपये. त्यातून निम्मी, म्हणजे 10 किलो साल निघाली. त्याला 20 किलो साखर, 45 रुपयांनी 900. मीठ-जिरं 60. या सगळ्यातून साधारण 20 लिटर सिरप होतं, म्हणजे पाऊण लिटरच्या 26 बाटल्या. रिकामी बाटली बुचासकट 18 रुपये धरली तर 468, लेबल आणि सील 4 रुपये प्रत्येकी, म्हणजे 104. वाहतूक आणि फुटतूट 200. एकूण 2,332 रुपये, म्हणजे बाटलीमागे जवळजवळ 90.

ही बाटली घरून थेट गिऱ्हाइकाला 150 रुपयांना गेली तर 60 रुपये सुटतात. 26 बाटल्यांचे 1,560. पण हायवेवरच्या दुकानदाराला द्यायची तर तो 115 च्या वर घेत नाही, कारण त्याला 150 ला विकून आपला हिस्सा काढायचा आहे. मग बाटलीमागे 25, सगळ्यांचे 650. फळं धुणं, कापणं, रोजचं हलवणं, गाळणं, बाटल्या उकळून वाळवणं, भरणं यात मिळून दहा तास जातात असं धरलं, तर पहिल्या रस्त्याने तासाला 156 रुपये पडतात आणि दुसऱ्याने 65. साखर तीच, फळ तेच, कष्ट तेच. फरक फक्त बाटली कुणाच्या हातात दिली याचा. म्हणून या धंद्यात खरी मेहनत चुलीपाशी नाही, विक्रीत आहे.

आमसुलाचा हिशेब जास्त कठोर आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. 100 किलो फळातून वाळून दहा-बारा किलो आमसूल हाती येतं. फळ विकत घेतलं तर 3,000 रुपये तिथेच गेले. 12 किलो आमसूल किलोला 450 रुपयांनी विकलं तर 5,400. मीठ, पिशव्या, वाहतूक वजा जाता आठवड्याच्या उन्हातल्या कष्टाचे दोन हजारच्या आसपास उरतात. पाऊस एकदा पडला तर तेही नाहीत. दारात स्वतःची झाडं असतील तर मात्र चित्र बदलतं, कारण खर्च म्हणजे फक्त गड्याची मजुरी. तेव्हा साधा नियम असा धरावा. फळ स्वतःचं असेल तर आमसूल आणि आगळ करावं. फळ विकतचं असेल तर सिरपच करावं, आणि जेवढी विक्री आधी ठरली आहे तेवढंच करावं.

सिरपमध्येही एक अडचण आहे, ती भांडवलाची. पाच वेळा वीस-वीस किलो फळ घालायचं तर 100 किलो साखर लागते, म्हणजे 4,500 रुपये, आणि बाटल्यांचे अडीच हजारांच्या आसपास. पहिली बाटली विकण्याआधी हे पैसे बाहेर पडतात. मे महिन्यात नवरा घरी असेल आणि पगार थांबलेला असेल तर नेमकं तेव्हा हे पैसे नसतात. म्हणून कॉन्ट्रॅक्ट चालू असतानाच दर महिन्याला थोडे बाजूला काढून साखरेचे पैसे फेब्रुवारीपर्यंत वेगळे ठेवावेत. पहिल्या वर्षी कर्ज काढू नये. माल विकला जातो हे कळल्याशिवाय व्याज अंगावर घेण्यात अर्थ नाही.

नासाडी कुठे होते हेही नीट कळायला हवं. सिरपचा शत्रू पाणी आहे. फळ धुऊन कोरडं न करता कापलं, बाटली ओली राहिली किंवा साखर हाताने अंदाजाने कमी पडली तर सिरप पातळ राहतं आणि आंबतं. त्याची खूण म्हणजे बाटली उघडताना फुस्स आवाज, वर बारीक फेस, ताडीसारखा वास, आणि प्लास्टिकची बाटली असेल तर ती फुगलेली. अशी बाटली कुणालाही द्यायची नाही, चव बरी लागली तरी. सिरप टिकायचं तर त्यात विद्राव्य घन पदार्थांचं, म्हणजे मुख्यतः साखरेचं, प्रमाण 68 टक्क्यांच्या आसपास हवं. ते मोजायला हातात धरायचा छोटा ब्रिक्स मीटर मिळतो. काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे बघायचं आणि आकडा वाचायचा. किंमत जास्त नाही. चार-पाच जणींनी मिळून एक घेतला तरी पुरतो. माझ्या मते बाटल्यांच्या सुंदर लेबलाआधी हा मीटर घ्यावा.

भांडं कधीच अॅल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईच्या पितळेचं नको. कोकम फार आंबट असतं, धातू खातं, रंग काळवंडतो आणि धातू पोटात जातो. स्टील, काच नाहीतर चिनी मातीची बरणी वापरावी. आमसुलाला मीठ जास्त झालं तर ते पावसाळ्यात ओल धरतं आणि पिशवी आतून चिकट होते. जरा कमी खारवलेलं, चांगलं दाबून बघितल्यावर रस न सुटणारं, पण तुटतही नाही असं आमसूल पिशवीत भरायचं.

रंगाबद्दल गिऱ्हाईक हल्ली विचारतं, आणि विचारावंच. बाजारात कृत्रिम रंग घातलेलं सरबत सर्रास मिळतं. कोकमाचा लाल रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती आम्लात लाल राहतात आणि खारात निळसर-हिरवट होतात. ग्लासभर सरबतात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की खऱ्या कोकमाचा रंग बदलतो. लाल तसाच राहिला तर रंग बाहेरचा आहे. गिऱ्हाइकासमोर हे एकदा करून दाखवलं तर दहा वाक्यांचं काम होतं.

आता विक्रीकडे येऊ. कोकणातल्या बाईकडे विकायची एक सोय आहे जी इतर कुठे नाही. मे महिन्यात आणि गणपतीत तिच्या दारात गिऱ्हाईक चालत येतं. मुंबई-पुण्याहून आलेले चाकरमानी परत जाताना गावचं काहीतरी घेऊन जातातच. एप्रिलमध्ये घातलेलं सिरप मे महिन्याच्या मध्यापर्यंत तयार होतं आणि गणपतीपर्यंत त्याला चांगली चव येते. प्रत्येक आळीत पंधरा-वीस घरं चाकरमान्यांची असतात. प्रत्येकाने दोन बाटल्या नेल्या तरी पहिल्या वर्षाचा बहुतेक माल दारातच संपतो. त्यासाठी बाटली आधीपासून दिसली पाहिजे आणि बोलून ठेवलं पाहिजे. गाव सोडायच्या सकाळी कुणी बॅग उघडत नाही. त्यामुळे ऑर्डर आरतीच्या दिवसांत घ्यायची आणि बाटल्या निघायच्या आदल्या संध्याकाळी पोहोचत्या करायच्या. परतलेल्यांचे फोन नंबर वहीत लिहून ठेवले की दिवाळीआधी आमसुलाची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते आणि ती एसटीच्या पार्सलने जाते. ओळखीवर उधारी मागणारेही असतातच. त्यांना नाही म्हणायला जड जातं, पण दहा बाटल्यांची उधारी म्हणजे पुढच्या हंगामाची वीस किलो साखर.

विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षेची नोंदणी हवी. घरगुती प्रमाणावर काम करणाऱ्यांना मोठा परवाना लागत नाही, एफएसएसएआयकडची मूळ नोंदणी पुरते. ती फॉसकॉस या संकेतस्थळावर आधार, फोटो आणि घराच्या पत्त्याच्या पुराव्यासह करता येते. शुल्क वर्षाला 100 रुपये आहे. तालुक्याच्या ठिकाणी सेतू केंद्रात हा अर्ज भरून देतात. बाटलीवर नोंदणी क्रमांक, घटक, वजन किंवा माप, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं आणि करणाऱ्याचा पत्ता लिहायला हवा. शाकाहाराचं हिरवं चिन्हही हवं. हायवेवरचं चांगलं दुकान नोंदणी क्रमांकाशिवाय माल ठेवत नाही, आणि बरोबरच आहे.

नोंदणी कुणाच्या नावावर करायची, हा प्रश्न कागदापेक्षा मोठा आहे. अनेक घरांत सवयीने नवऱ्याच्या नावावर होते. तो तर नऊ महिने समुद्रावर असतो. ओटीपी त्याच्या फोनवर, सही त्याची, खातं त्याचं. काम बाईचं असेल तर नोंदणी, बँक खातं आणि मोबाइल नंबर तिच्याच नावाचा हवा. विक्रीचे पैसे घरखर्चाच्या खात्यात मिसळले तर चार महिन्यांनी धंद्यात नफा झाला की तोटा हे तिलाच सांगता येणार नाही.

एकीचं काम दुसऱ्या वर्षी चौघींचं झालं तर बऱ्याच अडचणी सुटतात. एकीच्या मुलाला ताप आला तरी दुसरी हलवते, साखर पोत्याने येते, ब्रिक्स मीटर एकच लागतो, आणि दुकानदाराशी बोलायला चौघी जातात. गावात ‘उमेद’चा बचत गट असेल तर त्याच्यामार्फत हे सोपं होतं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून बचत गटातल्या सदस्याला छोटी अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल देण्याची तरतूद आहे. जिल्हा कृषी कार्यालयात किंवा गटाच्या सीआरपीकडे त्या वर्षीची स्थिती विचारावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कोकमाच्या प्रक्रियेवर बरीच वर्षं काम झालं आहे आणि ‘कोकण अमृता’सारख्या जाती तिथूनच आल्या आहेत. प्रमाण चुकत असेल तर तिथे जाऊन विचारणं हा सगळ्यात स्वस्त सल्ला आहे.

आता आकड्यांची मर्यादा सांगायलाच हवी. पाच वेळा वीस किलो घातलं, 130 बाटल्या झाल्या, त्यांतल्या 80 दारातून आणि 50 दुकानातून गेल्या, तर हंगामाला सहा हजारांच्या आसपास उरतात. घरच्या झाडांचं आमसूल आणि आगळ धरलं तर दहा हजारांपर्यंत. हा पगार नाही आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण जूनमध्ये शाळेची फी, वह्या आणि रेनकोट एकदम अंगावर येतात, त्या वेळी नवऱ्याला पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेपर्यंत सोनं गहाण टाकावं लागत नाही, इतकी ही रक्कम आहे. आणि ती नवऱ्याच्या पगाराच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही.

ज्यांच्या परसात किंवा बांधावर रातांबा आहे, त्यांनी येत्या एप्रिलमध्ये एवढंच करून बघावं. फक्त वीस किलो फळाचं सिरप घाला. फळ, साल, साखर आणि शेवटी निघालेलं सिरप, चारही वजनं वहीत लिहा, लागलेले तास लिहा, आणि कोणती बाटली कुणाला किती रुपयांना गेली तेही लिहा. गणपतीनंतर ती वही उघडा आणि पुढच्या हंगामात किती घालायचं ते त्या आकड्यांवरून ठरवा.